देखभाल आणि स्टोअर एकमेकांची सेवा घेतात तेव्हा

मकरपुऱ्याच्या कारखान्यात कॉस्टिंगला लागलास, तर पहिल्याच महिन्यात हा पेच येईल: देखभाल विभाग स्टोअरचं काम करतो, स्टोअर देखभालीला माल देतं. मग आधी कुणाचा खर्च वाटायचा?

आधी कुणाचाच नाही. दोघांचा खरा एकूण खर्च एकदम काढ. समज, देखभालीचा स्वतःचा खर्च 43,000 आणि स्टोअरचा 30,000. देखभालीची 10% सेवा स्टोअरला जाते, स्टोअरची 20% देखभालीला.

देखभाल = 43,000 + 0.20 × स्टोअर
स्टोअर = 30,000 + 0.10 × देखभाल

सोडवलंस की देखभाल 50,000, स्टोअर 35,000.

नवी मुलं इथेच घाबरतात: बेरीज 85,000, खर्च तर 73,000! घाबरू नकोस, आपसातले 12,000 दोनदा मोजले गेलेत. उत्पादन विभागांना देखभालीचे 90% म्हणजे 45,000 आणि स्टोअरचे 80% म्हणजे 28,000 जातात. झाले 73,000.

हा ताळा दर वेळी करच. जुळला नाही, तर बहुधा तू 50,000 ऐवजी मूळ 43,000 वर टक्के लावलेत. मशीन शॉप आणि असेंब्ली या उत्पादन विभागांना देखभालीचे जे टक्के जातात, तेही त्या 50,000 वरच लाव. तीन-चार सेवा विभागांची गणितं सध्या बाजूला ठेव.