एका वेळी एकच बदल

प्रश्न: एआयला द्यायचा प्रॉम्प्ट सारखा बदलत राहतो, शेवटी कुठल्या शब्दामुळे काय झालं तेच कळत नाही. प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवून खरंच काही फायदा होतो का?

होतो. नोंद नसलेला प्रॉम्प्ट दुसऱ्याच्या हाती देऊच नये.

मी फोंड्यात एका दैनिकाच्या डेस्कवर आहे. देवस्थानांच्या प्रेसनोटवरून शंभर शब्दांची बातमी करायला आमचा एक प्रॉम्प्ट आहे. एका जत्रेची नोट आली: येत्या सोमवारी पालखी, रात्री स्थानिक कलाकारांचं नाटक. बातमी तयार झाली ती 'भाविकांच्या अलोट गर्दीत जत्रोत्सव पार पडला' अशी. जत्रा व्हायची होती अजून!

सहकाऱ्याने बसल्या जागी तीन बदल केले. 'अनुभवी उपसंपादक'चं 'ज्येष्ठ पत्रकार' केलं, 'वाचकाला खिळवून ठेवेल अशी' हे काढलं आणि शेवटी 'नोटबाहेरचं काही लिहू नकोस' घातलं. बातमी सुधारली, त्याच्या दृष्टीने काम संपलं. पण तिन्ही बदलांपैकी गुण कशाचा आला?

मी जुना प्रॉम्प्ट परत घेतला आणि फाइलमध्ये तारीख, मॉडेलचं नाव, पूर्ण प्रॉम्प्ट, केलेला एकच बदल, त्याच्याकडून अपेक्षा आणि आलेला निकाल असे रकाने केले. चाचणीच्या नोटा ठरवून टाकल्या, त्या बदलायच्या नाहीत. दर वेळी नवीन चॅट, कारण आधीचं संभाषण पुढच्या उत्तरात उतरतं. आणि काहीही न बदलता तोच प्रॉम्प्ट आधी तीन-चारदा चालवला. उत्तरं मुळातच थोडी वेगळी येतात, तो फरक माहीत नसेल तर योगायोगालाच तुम्ही सुधारणा समजाल.

उपसंपादक की पत्रकार, याने काहीच हललं नाही. नुसतं 'खिळवून ठेवेल' काढलं आणि गर्दी, 'पार पडला', दोन्ही गेलं. ते परत ठेवून नुसतं 'नोटबाहेरचं' घातलं, तर गर्दी गेली, पण 'पार पडला' अधूनमधून येतच राहिलं. म्हणजे दुखणं 'खिळवून ठेवेल' याच शब्दप्रयोगात होतं.

यावर सहकारी म्हणाला, मग 'नोटबाहेरचं' काढून टाक, त्याच्याशिवायही बातमी ठीक येते. माझा वाद इथेच आहे. त्या ठरावीक नोटांवर ते वाक्य रिकामं बसलेलं दिसत होतं. दोन ओळींची नोट दिली, तेव्हा शंभर शब्द भरायला मॉडेलने महाप्रसाद आणि दिंडीही घुसडली. वाक्य परत घातल्यावर बातमी आखूड आली, पण खरी आली. अशी नोट चाचणीत हवीच.

एक मात्र आहे: दोन वाक्यं एकमेकांवर अवलंबून असली, तर एकेक काढून ते कळत नाही, जोडीने काढून पाहावं लागतं. आणि मॉडेल बदललं की जुने निकाल गृहीत धरू नका, मूळ आवृत्ती त्याच नोटांवर पुन्हा चालवा.