बिल डिस्काउंटिंगला बँक नक्की किती कापते?

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे, कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. बँक म्हणते बिल डिस्काउंट करून देतो, ११ टक्के. पाच लाखांच्या बिलावर हातात किती येतील?

११ टक्के हे वर्षाचं व्याज, ते सरसकट पाच लाखांवर लागत नाही आणि पूर्ण ९० दिवसांचंही लागेलच असं नाही. आमचंच एक बिल सांगतो, भोसरीत आमचं टर्निंगचं काम चालतं. बिल पाच लाखांचं होतं, बँकेने १० टक्के मार्जिन ठेवलं म्हणजे पैसे दिले साडेचार लाखांवरच, आणि कंपनीच्या स्टोअरने माल तपासून बिल ॲक्सेप्ट करेपर्यंत १५ दिवस गेले होते म्हणून व्याज उरलेल्या ७५ दिवसांचं.

४,५०,००० × ११% × ७५ ÷ ३६५ = १०,१७१ रुपये. वर प्रोसेसिंग १,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० (व्याजावर जीएसटी नसतो, कोणी लावला तर विचारा). खात्यात आले ४,३८,६४९, आणि मार्जिनचे ५० हजार कंपनीचं पेमेंट आल्यावर.

आता गंमत बघा, व्याज आधीच कापून घेतात, म्हणजे ७५ दिवस वापरायला मिळाले ४,३८,६४९ आणि खर्च झाला ११,३५१, तो वर्षाला धरला तर १२.६ टक्के पडतो. बिल छोटं असलं की प्रोसेसिंगचा ठरलेला आकडा जास्त बोचतो, म्हणून आम्ही आता दोन-तीन बिलं एकत्रच देतो.

खरी भीती वेगळीच आहे. बँकेच्या कागदात 'विथ रिकोर्स' लिहिलंय का बघा, बहुतेक असतंच. म्हणजे कंपनीने नाही दिले तर पैसे तुमच्याकडून. आमचं पेमेंट २० दिवस लांबलं, तेवढ्या दिवसांचं ११ टक्क्यांनी २,७१२ व्याज लागलं आणि वर २ टक्क्यांनी ४९३ दंड, दोन्ही गुपचूप आमच्या सीसी खात्यातून वळते. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, सही तुमचीच आहे." शिवाय कंपनीने रिजेक्शनची १८ हजारांची डेबिट नोट टाकली होती, ती मार्जिनमधनं भागली म्हणून बरं, नाहीतर तेवढे बँकेला खिशातून भरावे लागले असते.

तुमची कंपनी मोठी असेल तर त्यांना ट्रेड्स या ऑनलाइन बिल डिस्काउंटिंगच्या मंचावर बिल टाकायला सांगा (आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज वगैरे). उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्यांना तिथे नोंदणी करणं बंधनकारक आहे. तिथे बँका बोली लावतात, दर कंपनीची पत बघून ठरतो, आणि कंपनीने पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे येत नाही. पण कंपनीने ॲक्सेप्ट केल्याशिवाय तिथेही काही हलत नाही, आणि उद्यम नोंदणी लागते.

आणि उद्यम असेल तर ९० दिवसांची अट मुळात कायद्यात बसतच नाही, करार काहीही असो ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण ते कंपनीच्या परचेसवाल्याला ऐकवायची हिंमत मला तरी अजून झालेली नाही.