बायोडेटातून वगळलेली दोन वर्षे

प्रश्न : माझी मुलगी एम.ए., बी.एड. आहे. तिने बालशिक्षणाची पदविका घेऊन दोन वर्षे बालवाडीत शिकवले. पण त्याने तिची किंमत कमी होते, म्हणून ते मी बायोडेटातून काढायला लावले. प्राथमिक शाळांकडून मुलाखतीचे बोलावणे येत नाही. काय चुकते आहे?
— एक वडील

उत्तर : आपल्या पत्रात मुलीचे स्वतःचे मत एका ओळीतही नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. तिचा खरा अनुभव आपण खोडला आणि ज्या पदवीचा या पदासाठी उपयोग नाही, ती सर्वांत वर ठेवली.

बी.एड. ही डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेपेक्षा वरची पदवी असल्याने ती पहिली ते पाचवीसाठी चालतेच, हा समज चुकीचा आहे. 2018 साली तशी मुभा देणारी अधिसूचना निघाली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये ती रद्द ठरवली, कारण बी.एड.ची घडण मोठ्या मुलांना विषय शिकवण्यासाठी झालेली आहे आणि सहा वर्षांच्या मुलाला वाचते करणे हे निराळे शास्त्र आहे. प्राथमिकच हवे असेल, तर डी.एल.एड. आणि टीईटीचा पहिला पेपर हा मार्ग आहे. अन्यथा आजच तिने पूर्वप्राथमिक विभागांकडे अर्ज करावेत.

तेथे बायोडेटा वाचणाऱ्या मुख्याध्यापिका आधी वयोगट पाहतात. ‘दोन वर्षांचा अनुभव’ यातून काहीच कळत नाही; मुले तीन वर्षांची होती की पाच, वर्गात किती होती आणि मदतीला ताई होती का, हे लिहावे लागते, कारण छोट्या शिशूतील बावीस मुले एकटीने सांभाळणे आणि मोठ्या शिशूतील बारा मुले सांभाळणे यांत फार अंतर आहे. पदविकेचे नुसते नाव देऊन भागत नाही. बालविकासात काय शिकली, मुलांच्या निरीक्षणाच्या नोंदी ठेवल्या का आणि प्रत्यक्ष वर्गात सराव किती आठवडे केला, हेही त्यात यावे. दोन तासांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे मात्र खुशाल वगळावीत.

‘वर्गनियंत्रण उत्तम’ हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेने त्याऐवजी लिहिले होते : “जूनमध्ये सात मुले आईला सोडताना रडत. पहिल्या आठवड्यात शाळा एक तासाची ठेवली, मग वेळ हळूहळू वाढवली. दप्तर ठेवणे, हात धुणे, गोलात बसणे हा क्रम रोज तोच ठेवला. जुलैअखेर एकच मूल रडत होते. त्याच्या आईशी बोलून घरी नवे बाळ आल्याचे कळले.” या मजकुरात उपाय आहे, लागलेला काळ आहे आणि न सुटलेली अडचणही लपवलेली नाही. त्यांना मुलाखतीत बहुतेक प्रश्न याच मजकुरावर विचारले गेले.

आपल्या मुलीकडे असे प्रसंग दोन वर्षांचे आहेत. ते तिने स्वतः लिहावेत, आणि लिहून झाल्यावर कृपया आपण त्यात दुरुस्ती करू नये.