राज्याभिषेक शके ३९ म्हणजे इसवी सन कोणतं?

प्रश्न: आमच्याकडच्या एका जुन्या सनदेच्या नकलेत 'राज्याभिषेक शके ३९ विजय नाम संवत्सरे वैशाख शुद्ध पंचमी' अशी मिती आहे. याचं इसवी सन कोणतं? एकाने १७१२ सांगितलं, दुसऱ्याने १७१३. संवत्सर जुळत नाही म्हणून नक्कल खोटी असेल, असंही एकजण म्हणाला.

उत्तर:

१७१३. संवत्सरही बरोबर जुळतं, त्यामुळे निदान त्या कारणावरून नक्कल खोटी ठरत नाही. मी मोडी कागद वाचतो. राज्याभिषेक शकाच्या बाबतीत एका वर्षाचा घोळ जितक्या वेळा पाहिला तितका दुसऱ्या कुठल्या कालगणनेत पाहिला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या शकाचं पहिलं वर्ष सुरू झालं ते शालिवाहन शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. जेधे शकावलीत शुक्रवार, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले अशी नोंद आहे. म्हणजे शनिवारची पहाट, ६ जून १६७४. तिथून शक मोजायला लागले आणि पुढच्या छत्रपतींनी तोच चालू ठेवला. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला झाला, पण तिथून नवा शक सुरू झाला नाही. त्यांच्या कागदांवरचे आकडेही १६७४ पासूनच मोजायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'शाहूंच्या राज्याभिषेकाचं ३९ वं वर्ष' असा अर्थ लावून कागद थेट नानासाहेब पेशव्यांच्या काळात नेऊन ठेवलेला मी पाहिला आहे.

सगळी मेख आहे ती वर्ष बदलण्याच्या दिवसात. शालिवाहन शक आणि संवत्सराचं नाव दोन्ही चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतात. राज्याभिषेक शक मात्र ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. मधल्या सव्वादोन-अडीच महिन्यांत संवत्सर नवं असतं आणि राज्याभिषेक शकाचा आकडा जुनाच चालू असतो. तुमचा वैशाख नेमका या पट्ट्यात येतो.

आता आकडेमोड. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतची मिती असेल तर राज्याभिषेक शकात १५९५ मिळवले की शालिवाहन शक येतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंतची असेल तर १५९६ मिळवायचे. इसवी सनासाठी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून डिसेंबरअखेरपर्यंत १६७३, आणि जानेवारीपासून पुढच्या ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत १६७४. पुस्तकांच्या मागे किंवा कुठल्या तरी तक्त्यात बहुतेक वेळा एकटा १६७३ हाच आकडा दिलेला असतो. तुम्हाला १७१२ सांगणाऱ्याने तोच वापरला असणार.

तुमची मिती वैशाखातली, म्हणून ३९ अधिक १५९६, शालिवाहन शके १६३५. इसवी सन ३९ अधिक १६७४, म्हणजे १७१३. आता संवत्सर ताडून पाहू. दक्षिणेकडच्या पद्धतीत, म्हणजे आपल्याकडे, शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागायचं. बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १६३५ अधिक १२ म्हणजे १६४७, बाकी २७. सत्ताविसावं संवत्सर विजय. तुमच्या कागदावर तेच आहे.

जुळत नाही म्हणणाऱ्याचं काय झालं असेल तेही कळतं. त्याने ३९ मध्ये १५९५ मिळवून शके १६३४ काढला असेल. त्याचं संवत्सर नंदन येतं, सव्विसावं. कागदावर विजय दिसलं म्हणून त्याला शंका आली. खरं तर राज्याभिषेक शकाच्या प्रत्येक वर्षात दोन संवत्सरं येतातच. ३९ वं वर्ष १७१२ च्या ज्येष्ठात सुरू झालं तेव्हा नंदन होतं. ते त्या फाल्गुनापर्यंत चाललं आणि १७१३ च्या चैत्रात विजय लागलं. उलट तुमच्या कागदावर वैशाख आणि ३९ च्या जोडीला नंदन असतं, तर मलाही खटकलं असतं.

याच कारणाने ज्येष्ठ महिना फार जपून वाचावा लागतो. 'ज्येष्ठ वद्य पंचमी, राज्याभिषेक शके ३९' हा कागद १७१२ चा, आणि 'ज्येष्ठ शुद्ध दशमी, राज्याभिषेक शके ३९' हा कागद १७१३ चा. महिना एक, शकाचा आकडा एक, पण दोन्हींत जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि शुद्धाचा कागद नंतरचा. रुमालातले कागद मितीवार लावताना बहुतेक जण शुद्धाचा आधी ठेवतात आणि मग पत्राला उत्तर आधी आलं आणि पत्र नंतर गेलं असा प्रकार दिसायला लागतो. मोडीत शुद्धाचा 'शु' किंवा 'शुध' आणि वद्याचा 'व' घाईत ओढलेले असतात. ज्येष्ठातल्या मितीत ते एक अक्षर भिंगाखाली धरून पाहायला हवं, कारण अख्खं वर्ष त्याच्यावर अवलंबून असतं.

हिवाळ्यातली मिती असेल तर वेगळी काळजी. मार्गशीर्ष आणि पौषात कुठेतरी १ जानेवारी येते, त्यामुळे १६७३ मिळवायचे की १६७४ हे नुसत्या महिन्यावरून ठरत नाही. तिथे जंत्री उघडून तिथीची तारीख काढण्याला पर्याय नाही. माघ-फाल्गुनात ही अडचण नसते: राज्याभिषेक शके ३९, नंदन संवत्सर, माघ म्हणजे १७१३ ची सुरुवात.

संवत्सराचं नाव नुसतं पडताळ्यापुरतं नसतं, फाटक्या कागदावर तेच वाचवतं. तुमच्या नकलेत ३ दिसतो आणि पुढचा अंक कसरीने खाल्ला आहे असं समजा. तिशीतल्या दहा वर्षांत विजय संवत्सर आणि वैशाख ही जोडी फक्त एकदाच बसते, ३९ ला. संवत्सरं साठ वर्षांनी परत येतात, म्हणून पुढची शक्यता थेट ९९ ची. ३९ आणि ९९ मधला फरक मायन्यातल्या नावांवरूनच कळून येतो.

त्याच दप्तरात सुहूर सन घातलेले कागद असतील तर आणखी एक चांगला ताळा मिळतो. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणजे राज्याभिषेक शकाच्या अगदी आगेमागे. त्यामुळे वर्षातले दोन-तीन आठवडे सोडले तर राज्याभिषेक शकात १०७४ मिळवले की सुहूर सन येतो. ३९ ला १११३, अरबी शब्दांत 'सलास अशर मया व अलफ': तीन, दहा, शंभर, हजार. त्याच व्यवहाराचा, त्याच वैशाखातला कागद या सनाचा निघाला तर १७१३ बद्दल शंकेला जागा राहत नाही. तिथे 'इसन्ने अशर' म्हणजे १११२ निघाला तर मात्र दोन्हींपैकी एक वाचन चुकलं आहे असं धरून पुन्हा पाहा. माझ्या अनुभवात चूक बहुधा अरबी शब्दाच्या वाचनात निघते, कारण नकलकार ते शब्द न समजता उतरवत.

नकलेवर वार असेल तर तोही सोडू नका. वैशाख शुद्ध पंचमी १७१२ आणि १७१३ यांत अधिक महिना नसल्यामुळे साधारण ३५४ दिवसांचं अंतर आहे, म्हणजे वार चारेक दिवसांनी सरकतो. जंत्रीतला वार आणि कागदावरचा वार यांत एका दिवसाचा फरक असेल तर घाबरू नका. तिथी सूर्योदयाला होती की नंतर लागली यावरून तो पडतो. पण तीन-चार दिवसांचा फरक आला तर वर्ष चुकलेलं असतं. फक्त अधिक महिना मध्ये आला असेल तर दोन वर्षांतलं अंतर ३८४ दिवस होतं आणि वार एकाच दिवसाने मागे सरकतो. अशा वर्षात वाराच्या ताळ्यावर विसंबू नये. वाराचं नाव 'सौम्यवासर' असं असेल तर तो बुधवार. सौम्य नावाचं संवत्सरही आहे, त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नका.

नकलेच्या खरेपणाबद्दल बोलायचं तर मी शकाच्या आकड्यापेक्षा शिक्के आणि हुद्दे पाहीन. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले ते नोव्हेंबर १७१३ मध्ये, म्हणजे राज्याभिषेक शके ४० सुरू झाल्यावर, पण विजय संवत्सरातच. वैशाखातल्या ३९ च्या सनदेवर त्यांचा मुख्य प्रधान म्हणून शिक्का किंवा उल्लेख असेल तर कान टवकारावेत. त्यापूर्वी ते पद बहिरोपंत पिंगळ्यांकडे होतं. अर्थात नकला पुष्कळदा मूळ सनदेनंतर कित्येक वर्षांनी, वतनाच्या भांडणात पुरावा म्हणून केलेल्या असतात. तेव्हा नक्कल करणाऱ्याने नंतरचा हुद्दा घुसडला असणंही शक्य आहे.

तारीखच हवी असेल तर ही पंचमी जुन्या इंग्रजी पद्धतीने १७१३ च्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते. नेमका दिवस जंत्रीतून काढा, पण जंत्री कोणत्या पद्धतीची तारीख देते ते आधी बघा. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी पद्धत वापरत होते आणि पोर्तुगीज त्याच्या फार आधीपासून नवी. १७०० च्या फेब्रुवारीनंतर दोन्हींत ११ दिवसांचं अंतर आहे, त्याआधी १० दिवसांचं. राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. शिवाय त्या काळच्या इंग्रजी कागदांत नवं वर्ष २५ मार्चला लागत असे, म्हणून जानेवारी ते मार्चच्या इंग्रजी पत्रावर आपल्या हिशोबापेक्षा एक वर्ष कमी दिसू शकतं. तुमची मिती एप्रिलची असल्यामुळे ती अडचण इथे येत नाही.

नकलेचं लिप्यंतर करताना मूळ मिती जशीच्या तशी ठेवा आणि चौकोनी कंसात शेजारी 'शके १६३५, एप्रिल १७१३' असं लिहा. नुसतं '१७१३' लिहून मूळ आकडा गाळला तर पुढच्या वाचणाऱ्याला तुमची बेरीज तपासता येणार नाही.