ओळखीचे लोक घोळका करून बसतात, काय करावं?

आमच्या बेळगावातल्या उद्योजक मेळाव्याला ३६ जण येणार आहेत. निपाणीवाले निपाणीवाल्यांतच, फाउंड्रीवाले आपसातच बोलतात. सगळे मिसळतील असं काय करता येईल?

उत्तर: चिठ्ठ्या उचलायला लावू नका, दारातच क्रमाने कार्ड द्या. सहा टेबलं मांडा. कार्डावर दोन आकडे, पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचं टेबल: १-१, २-२ असं ६-६ पर्यंत, मग १-२, २-३... ६-१, पुढे १-३. एकत्र आलेले रांगेतही पाठोपाठ असतात, त्यामुळे आपोआप फुटतात. दुसऱ्या फेरीत एकही जोडी पुन्हा जुळत नाही. कार्डावर नाव लिहा, नाहीतर अदलाबदल होतेच.

प्रश्न एकच: "या महिन्यात तुमचं कुठलं काम अडलंय?" मराठी-कन्नड, जमेल त्यात. चहा दोन्ही फेऱ्यांनंतरच. आधी दिलात की घोळके परत.