बोलणी अडली की मध्येच उठावं का?

प्रश्न: वेतनकराराची बोलणी रात्री उशिरापर्यंत तिथल्या तिथेच फिरतात. मध्येच उठलो तर आपण नमलो असं वाटेल का?

उत्तर: नाही वाटणार. तोच आकडा त्याच कारणासह तिसऱ्यांदा आला की थांबा. पण परत किती वाजता बसायचं आणि तोवर कोणी काय तपासायचं, हे ठरवूनच उठा. नुसता चहा पिऊन आलात तर तिथूनच पुन्हा सुरू होतं.

आम्ही युनियनवाले ९,००० रुपयांच्या पगारवाढीवर अडलो होतो, व्यवस्थापन ७,००० वर. चाळीस मिनिटं वेगळ्या खोल्यांत बसलो. वडापाव खाता खाता आमच्यातला एक म्हणाला, "सगळे पहिल्याच वर्षी कशाला हवेत?" तीन वर्षांचे टप्पे पाडले आणि गाडी हलली.

सही मात्र सकाळी, मसुदा वाचूनच. त्या रात्रीच्या मसुद्यात थकबाकीची तारीखच राहून गेली होती.