आप्पांचा चहा, खोबरेल तेल आणि ०.२ हा आकडा

प्रश्न : एमसीटी तेल घेतले की मेंदूला केटोनचे इंधन मिळते असे ऐकले. हे शरीरात नेमके कसे घडते? आईला विस्मरणाचा त्रास आहे. घरचे घाण्याचे खोबरेल तेल दिले तर चालेल का?

उत्तर :

खोबरेल तेलाने ते काम होत नाही. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण या एका मुद्द्यावरून आमच्या घरात दोन वर्षे अबोला आहे.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे. आमच्या वडिलांना, आप्पांना, अल्झायमरचे निदान झाले तेव्हा कोथरूडला राहणारे माझे थोरले बंधू घाण्याच्या खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या घेऊन सदाशिव पेठेतील घरी आले आणि रोज सकाळी पोह्यांबरोबर आप्पांच्या चहात दोन मोठे चमचे तेल घालू लागले. तिसऱ्या दिवशी आप्पांनी त्यांना नावाने हाक मारली, आणि दादांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. माझ्या दृष्टीने तो तेव्हा सुरू झाला.

मेदाम्लाची साखळी किती लांब आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. लांब साखळीची मेदाम्ले आतड्यात शोषली गेल्यावर पुन्हा मेदात बांधली जातात, लसिकावाहिन्यांतून रक्तात येतात आणि बरीचशी स्नायूंत व चरबीत जातात. एमसीटी म्हणजे मध्यम साखळीचा मेद, आणि त्यातील आठ आणि दहा कार्बनची मेदाम्ले हा फेरा घेत नाहीत. ती आतड्यातून थेट पोर्टल शिरेत उतरतात आणि काही मिनिटांत यकृतात पोहोचतात. तेथे त्यांना आणखी एक सवलत मिळते. लांब साखळीला मायटोकॉन्ड्रियात शिरण्यासाठी कार्निटीन नावाच्या वाहक रेणूच्या दारातून जावे लागते आणि कर्बोदके खाल्लेली असतील तर यकृत ते दार जवळजवळ लावूनच घेते. आठ कार्बनचे कॅप्रिलिक आम्ल मात्र बहुतांशी त्या दाराला वळसा घालून आत जाते.

आत गेल्यावर या साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात. आठ कार्बनमधून असेटिल को-एचे चार तुकडे मिळतात. यकृताची स्वतःची ऊर्जेची गरज मर्यादित असते, आणि येथे तर मालाचा लोंढा एकदम येऊन पडलेला असतो. उरलेले तुकडे यकृत जोडीजोडीने बांधून असेटोअसिटेट तयार करते आणि त्यातील बऱ्याचशा भागाचे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट करून ते रक्तात सोडून देते. हेच ते केटोन. चार तुकड्यांतून फार तर दोन केटोन निघतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण काही तुकडे यकृत स्वतः जाळते. गंमत अशी की केटोन बनवणाऱ्या या यकृताला ते वापरता येत नाहीत, कारण त्यासाठी लागणारे एक विकर त्याच्याकडे नसते. सगळा माल बाहेर पाठवण्यासाठीच तयार होतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर केटोन आत घेणारे वाहक असतात. (त्यांच्याही नावाचे लघुरूप एमसीटी असेच आहे, माझे विद्यार्थी दरवर्षी येथे गोंधळत.) पेशीत गेल्यावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट पुन्हा असेटोअसिटेट होते, त्याचे दोन असेटिल को-ए होतात आणि ते ग्लुकोजपासून आलेल्या तुकड्यांप्रमाणेच जळतात. अल्झायमरमध्ये मेंदूची ग्लुकोज घेण्याची क्षमता घटते, पण केटोन घेण्याची क्षमता बरीचशी शाबूत राहते. या उपायामागचा तर्क तो हाच. मात्र मेंदू किती केटोन घेईल हे रक्तात ते किती आहेत यावर ठरते. रक्तातील पातळी लिटरमागे १ मिलिमोल असेल तर मेंदूच्या ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा भाग केटोनमधून येतो. म्हणून चमचे मोजण्यापेक्षा रक्त मोजावे.

मी तेच केले. बोटाच्या थेंबावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजणारा मीटर आणला. लघवीच्या पट्ट्या मुद्दाम टाळल्या, कारण त्या असेटोअसिटेट दाखवतात आणि मुख्य केटोन त्यांना दिसतच नाही. दादांचे तेल आणि पोहे घेण्यापूर्वी आप्पांची पातळी ०.१ होती आणि दोन तासांनी ०.२. एवढा फरक मीटरच्या चुकीतही बसतो. याचे कारण बाटलीतच आहे. खोबरेल तेलातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले बारा कार्बनचे लॉरिक आम्ल असतात. नावाने ते मध्यम साखळीत मोडते, पण त्याचा मोठा भाग लांब साखळीच्याच वाटेने जातो. आठ आणि दहा कार्बनची मिळून जेमतेम १४-१५ टक्के भरतात. म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत, सुमारे २८ ग्रॅममध्ये, कामाचा ऐवज चार ग्रॅम.

नंतर निव्वळ आठ कार्बनचे एमसीटी तेल आणले. ते १५ मिलिलिटर कोऱ्या चहातून, पोहे न देता दिले, तेव्हा दीड तासाने ०.४ आले आणि चार तासांनी पुन्हा ०.१. दुसऱ्या दिवशी तेच तेल पोह्यांबरोबर दिले तर ०.२ च्या वर गेले नाही. कार्निटीनचे दार टाळले तरी जेवणातील इन्सुलिन यकृतातील केटोननिर्मिती मंदावते आणि शरीराच्या साठ्यातून येणारी मेदाम्लेही आवरते. चौथ्या दिवशी मी उत्साहाने मात्रा दुप्पट केली आणि आप्पांना दिवसभर जुलाब झाले. ती चूक संपूर्णपणे माझी होती, आणि दादा ती अजून ऐकवतात.

तेव्हा दादांना माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या दिवशी आप्पांनी त्यांना हाक मारली तेव्हा ते तेल चहात पडून तीनच दिवस झाले होते, आणि त्याच तेलावर मला नंतर ०.२ मिळाले. ती हाक तेलाची नव्हती. विस्मरणाच्या रुग्णाचे चांगले दिवस अधूनमधून येतात, तसा तो एक होता. हेही मान्य करतो, की माझ्या ०.४ नेही आप्पांमध्ये मला काही फरक दिसला नाही. काही तासांसाठी मेंदूच्या ऊर्जेचे मोजके टक्के, एवढीच त्याची मजल. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेल्या माणसांच्या मेंदूची निम्म्याहून अधिक ऊर्जा केटोनमधून येते, हे जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवले. पण तेव्हा रक्तातील पातळी ०.४ च्या दहापटीहूनही वर असते. स्मरणशक्तीवरचे एमसीटीचे प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आजार थांबतो असे त्यांतून दिसलेले नाही.

आईंना द्यायचेच असेल तर लेबलवर सी-८ किंवा कॅप्रिलिक असे लिहिलेले पाहा. लॉरिक भरपूर असलेली बाटली घेऊ नका. ५ मिलिलिटरने, आणि सुरुवातीला जेवणाबरोबरच सुरू करा. केटोन कमी येतील, पण पोट टिकेल. हे खरे तर आधी लिहायला हवे होते : यकृताचा सिरोसिस असेल, इन्सुलिनवर असलेला मधुमेह असेल, किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नका.

मीटरच्या सहा पट्ट्या उरल्या आहेत. दादांनी त्यांच्या तेलानंतर स्वतःचे बोट पुढे करावे, असा निरोप मी वहिनींकडे दोनदा दिला आहे.